चूक दुरुस्त कोणी करायची?

आमच्या पाचवीच्या वर्गात मराठीच्या तासाला सर्वांत जास्त वेळा कानी पडणारी चूक कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही तत्काळ सांगू : ‘माझा नाव’. तिच्या पाठोपाठ ‘माझा घर’, ‘माझी पुस्तक’, ‘आवाज आली’, ‘दुकान बंद झाली’. या स्मरणिकेच्या जुन्या माजी विद्यार्थ्यांना हे ऐकून नवल वाटेल, कारण त्यांच्या काळी वसतिगृहात येणारी मुले बहुतेक मराठी बोलणाऱ्या घरांतली असत. आज वीटभट्टीवर, बांधकामावर, रस्त्याच्या कामावर मध्यप्रदेश-छत्तीसगडमधून आलेल्या कुटुंबांची मुलेही आमच्याकडे शिकतात. त्यांच्या घरात हिंदी किंवा तिच्या जवळची एखादी बोली आहे. ही मुले दोन-तीन महिन्यांत मराठी समजू लागतात, वर्षभरात धडाधड बोलूही लागतात. लिंग मात्र अडून बसते ते बसतेच.

कारण उघड आहे. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. ‘मेरा नाम’ आणि ‘मेरा घर’ म्हणणारे मूल मराठीत आले की पुल्लिंगाचा ‘आ’ सोबत घेऊन येते आणि ‘माझा नाव’, ‘माझा घर’ म्हणते. नपुंसकलिंग नावाची तिसरी खोली आपल्या घराला आहे, हे त्याला ठाऊकच नसते. त्याहून अवघड आहेत ते दोन्ही भाषांत सारखेच असलेले शब्द. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. ‘दुकान’ तसेच. ‘आवाज’ हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. शब्द ओळखीचा असल्यामुळे इथे काही शिकायचे शिल्लक आहे, अशी शंकाही मुलाला येत नाही. त्यात आपण मोठी माणसे बोलताना ‘माझं पुस्तक’ म्हणतो आणि पाठ्यपुस्तकात ‘माझे पुस्तक’ छापतो. हिंदीच्या कानाला ‘माझे’ हे ‘मेरे’सारखे, म्हणजे अनेकवचनी वाटते. मुलाने गोंधळू नये तर काय करावे?

आता प्रश्न असा की, मूल बोलता बोलता ‘माझी पुस्तक’ म्हणाले तर शिक्षकाने त्या क्षणी काय करावे? वहीतली चूक लाल शाईने अधोरेखित करता येते. बोललेली चूक हवेत विरून जाते, आणि तिला उत्तर द्यायला शिक्षकाजवळ दोन-तीन सेकंद असतात. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी या दोन-तीन सेकंदांचा बराच विचार केला आहे. त्यांनी केलेल्या वर्गवारीत तीन वाटा मुख्य आहेत. पहिली, चुकीचे वाक्य शिक्षकाने सुधारून सहज पुन्हा म्हणणे. हिला ते ‘रीकास्ट’ म्हणतात. दुसरी, उत्तर न देता असे काही विचारणे किंवा सुचवणे, की मुलाने स्वतःच वाक्य दुरुस्त करावे, ही ‘प्रॉम्प्ट’. तिसरी, हे चूक आहे आणि बरोबर असे आहे, असे थेट सांगणे.

अलीकडे आम्हांला प्रशिक्षणांतून आणि तरुण सहकाऱ्यांच्या बोलण्यातून पहिल्या वाटेचीच शिफारस ऐकू येते. मुलाला टोकू नका, हळुवारपणे बरोबर वाक्य त्याच्या कानावर घाला, ते आपोआप उचलेल, असे सांगितले जाते. या शिफारशीमागची भावना आम्हांला मान्य आहे. भाषेवरून मुलाला वर्गात उभे करून हसे करण्याची रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. ती या वास्तूत चालू नये, हे सांगायला कोणी प्रशिक्षक नको. पण हळुवार वाटेने मूल खरोखर शिकते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि मराठीच्या लिंगापुरते त्याचे आमचे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे.

एकच प्रसंग घेऊ. मुलगी म्हणते, “सर, माझी पुस्तक हरवली.” शिक्षक रीकास्ट करतात : “अरे, तुझं पुस्तक हरवलं? कुठे?” मुलगी म्हणते, “हॉस्टेलमध्ये.” संवाद पुढे सरकतो. शिक्षकांच्या मनात दुरुस्ती झालेली असते. मुलीच्या मनात काय झाले ते पाहा. तिने ‘माझी’ म्हटले, सर ‘तुझं’ म्हणाले. ‘मी’चे ‘तू’ झाले, हा बदल तिला अपेक्षितच होता. त्याच शब्दाच्या शेवटी आणखी एक बदल झाला आहे, हे तिने कसे ओळखावे? स्वाभाविक संभाषणात ‘माझी’ला ‘माझं’ असे उत्तर येतच नाही. म्हणजे रीकास्ट जितके सहज, तितकी त्यातली दुरुस्ती लपलेली. शिवाय सरांचा आवाज सहानुभूतीचा आहे, त्यांनी प्रश्न विचारला आहे, तिचे लक्ष हरवलेल्या पुस्तकाकडे आहे. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या अक्षरावरचा तो ‘अं’ तिच्यापर्यंत पोचला तरी पुष्कळ.

दुसरी अडचण आपल्या वर्गांच्या सवयीतून येते. मुलाने बरोबर उत्तर दिले तरी आपण ते मोठ्याने पुन्हा म्हणतो, मागच्या बाकापर्यंत ऐकू जावे म्हणून. “नदी गोदावरी.” “हां, नदी गोदावरी.” त्यामुळे शिक्षकाने आपले वाक्य पुन्हा उच्चारले की मूल समजते, आपले बरोबर आले. बरोबर उत्तराची शाबासकी आणि चुकीच्या उत्तराची दुरुस्ती दोन्ही एकाच कपड्यात येत असतील, तर मुलाने त्यांना वेगळे कसे ओळखायचे?

आम्ही मुळात इतिहासाचे विद्यार्थी. कोणी काही सांगितले की पुरावा कुठला, हे विचारण्याची खोड जात नाही. या बाबतीत सर्वांत परिचित पुरावा कॅनडातला आहे. मॉन्ट्रियल परिसरात इंग्रजी बोलणारी मुले इतर विषयही फ्रेंचमधून शिकतात अशा प्राथमिक वर्गांत रॉय लिस्टर आणि लायला रांता यांनी चार शिक्षकांचे सुमारे 18 तासांचे तास ध्वनिमुद्रित केले आणि 1997 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या एकूण दुरुस्त्यांपैकी 55 टक्के रीकास्ट होत्या. पण त्यांतल्या जेमतेम 31 टक्के वेळा मुलांनी दुरुस्तीला काही प्रतिसाद दिला, आणि वाक्य सुधारून म्हटले ते 18 टक्के वेळा. शिक्षकाने वाक्य अर्धे सोडून किंवा प्रश्न करून उत्तर मुलाकडूनच काढून घेतले, तेव्हा प्रत्येक वेळी मुलाने काही ना काही प्रतिसाद दिला आणि जवळपास निम्म्या वेळा योग्य रूपही सांगितले. थेट चूक सांगितली, तर सुधारणा सुमारे एकतृतीयांश वेळा दिसली.

या आकड्यांवर लगेच झडप घालू नये. मुलाने त्या क्षणी वाक्य सुधारून म्हटले म्हणजे ते शिकले, असे होत नाही. आणि गप्प राहिले म्हणजे काहीच शिकले नाही, असेही नाही. लिस्टर यांनी पुढे ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाचवीची 179 मुले होती, आणि विषय होता फ्रेंच नामांचे लिंग. म्हणजे आमच्या पाचवीचेच दुखणे. फ्रेंचमध्ये नामाच्या शेवटावरून बऱ्याच वेळा लिंग ओळखता येते. ते शेवट आधी सर्व प्रायोगिक वर्गांत शिकवले गेले. मग काही वर्गांत चूक झाली की शिक्षक सुधारून म्हणत, काही वर्गांत विचारून काढून घेत, आणि काही वर्गांत दुरुस्तीच करीत नसत. लेखी चाचण्यांत विचारून काढून घेणारे वर्ग ठळकपणे पुढे राहिले. तोंडी चाचण्यांत हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

या अभ्यासातली आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निकालात नाही, मांडणीत आहे. मुलांना विचारण्याआधी शेवट शिकवले होते. ज्याच्या आधारे उत्तर शोधायचे, ते साधन मुलाच्या हाती दिले होते. ‘प्रॉम्प्ट’चा प्रचार करणारे हे विसरले, की विचारणे म्हणजे निव्वळ अडवणूक होते.

मराठीत हे साधन कितपत आहे? अर्धवट आहे, आणि इथेच शिक्षकाला विचार करावा लागतो. बोली मराठीत ‘आ’ने संपणारी घरगुती नामे बहुधा पुल्लिंगी असतात : आंबा, पंखा, दिवा, रस्ता. ‘ई’ने संपणारी बहुधा स्त्रीलिंगी : वही, पेटी, खुर्ची, काठी. ‘अं’ने संपणारी नपुंसकलिंगी : केळं, तळं, गाणं, खोकं. अपवाद आहेत. शाळा, भाषा, सभा हे संस्कृतातून आलेले शब्द ‘आ’ने संपूनही स्त्रीलिंगी, हत्ती, मोती पुल्लिंगी, पाणी, लोणी, दही नपुंसकलिंगी. तरी दहा वर्षांच्या मुलाला एवढा नियम पुष्कळ काळ पुरतो. मात्र अक्षराचा उच्चार व्यंजनावर थांबतो अशा शब्दांत काहीही खूण नाही. हात तो, भिंत ती, घर ते. पुस्तक, दुकान, आवाज, नाव, नाक, झाड, सगळे या बिनखुणेच्या घरात.

म्हणून आमचे मत असे बनले आहे की तीन वाटांपैकी कोणती श्रेष्ठ, हा वाद शब्दाकडे न पाहता घालण्यात अर्थ नाही. मूल म्हणाले “चहा आली.” हिंदीत चाय स्त्रीलिंगी, म्हणून ही चूक. पण ‘चहा’ला शेवटी ‘आ’ आहे, आणि नियम शिकवून झाला आहे. इथे शिक्षकाने उत्तर देऊ नये. “आंबा आला, पंखा आला, चहा…?” एवढे म्हणून थांबावे. मूल “आला” म्हणते, बहुधा हसत. उत्तर त्याच्याच झोळीतून निघाले, आणि पुढच्या वेळी ‘डबा’, ‘नकाशा’ यांनाही ते लावून पाहते.

‘पुस्तक’ला मात्र असे विचारता येत नाही. पहिल्यांदा चूक ऐकली तेव्हा थेट सांगावे, आणि कारणासकट सांगावे : “हिंदीत ती पुस्तक, मराठीत ते पुस्तक. माझं पुस्तक हरवलं.” दहा सेकंदांचे काम. यात अपमान कसलाच नाही; उलट ‘हिंदीत’ हा शब्द आला की मुलाला कळते की आपल्या घरची भाषा चुकीची ठरलेली नाही, दोन भाषांचे दोन कायदे आहेत. ज्याला माहीतच नाही त्याला “नीट आठव, नीट आठव” म्हणत उभे करणे, हा खरा जाच आहे. मग त्याच शब्दाची चूक दुसऱ्यांदा झाली की विचारावे. “तो, ती की ते?” तिन्ही पर्याय द्यावेत. दोनच दिले तर मूल नाणे उडवते. मुलगी थांबते, म्हणते, “ते… माझं पुस्तक हरवली.” अर्धे सुधारले. क्रियापदही नामाच्या मागे जाते, हे सुटले. “माझं पुस्तक हर…?” “हरवलं.” इथे शिक्षकाने काहीही सांगितले नाही, आणि मुलीने दोन्ही जागा स्वतः भरल्या. नुसते “काय म्हणालीस?” असे विचारण्याचा मात्र उपयोग होत नाही. सरांना ऐकू आले नाही, असे समजून मुलगी तेच वाक्य अधिक मोठ्याने म्हणते.

मुलाला माहीत आहे की नाही, हे ओळखायचे कसे? एकच मूल सोमवारी ‘माझं पुस्तक’ आणि बुधवारी ‘माझी पुस्तक’ म्हणत असेल, तर त्याला माहीत आहे, जिभेची सवय जुनी आहे, त्याला विचारावे. कायम ‘माझी’च म्हणत असेल तर माहीत नाही, त्याला सांगावे. हे ध्यानात ठेवण्यासाठी हजेरीपटाच्या मागच्या पानावर आठवड्याचे पाच-सहा शब्द आणि मुलांच्या नावांपुढे खुणा, एवढी नोंद पुरते. आणि पारख करताना ‘लाल पुस्तक’, ‘सुंदर घर’ असली वाक्ये घेऊ नयेत. लाल, सुंदर, थंड ही विशेषणे लिंगाप्रमाणे बदलतच नाहीत. मूल बरोबर ठरते आणि आपली फसगत होते. मोठा, नवा, जुना, काळा ही विशेषणे घ्यावीत. ‘जुनं दुकान’ आपण होऊन, कोणी न विचारता, आठवड्यानंतर भोजनगृहाच्या रांगेत ऐकू आले, तर शिकले म्हणावे. वर्गात लगेच म्हणून दाखवलेले आम्ही हिशेबात धरत नाही.

या पद्धतीवर एक आक्षेप रास्त आहे. विचारणे म्हणजे मुलाला सर्वांसमोर उघडे पाडणे. हुशार मुले उत्तर ओरडतात, पाठीमागून कोणी खिदळते, आणि बुजरे मूल पुढचे चार दिवस तोंड उघडत नाही. म्हणून विचारल्यावर तीन-चार सेकंद पूर्ण शांतता, आणि दुसऱ्याच्या वतीने उत्तर देण्याला सक्त मनाई, या दोन गोष्टी पाळता येत नसतील, तर विचारूच नये. पण बुजऱ्या आणि कच्च्या मुलाला नेहमी हळुवार रीकास्टवर सोडणे हेही त्याच्यावर दया दाखवणे नव्हे. अहलेम अम्मार आणि नीना स्पाडा यांनी मॉन्ट्रियलच्याच परिसरात, इंग्रजी शिकणाऱ्या सहावीच्या फ्रेंचभाषक मुलांवर केलेल्या अभ्यासात (2006) पुढे असलेल्या मुलांना दोन्ही पद्धतींचा सारखाच फायदा झाला. मागे असलेल्यांना मात्र रीकास्टपेक्षा विचारण्याचा फायदा अधिक झाला. आधीच ज्याला भाषा येते, त्याला लपलेली दुरुस्तीही सापडते. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी ती लपलेलीच राहते. घरी मराठी नसलेल्या मुलासाठी वर्गातला तो तास हीच भाषेची मुख्य जागा असेल, तर सौजन्यापोटी आपण त्याला नेमके काय नाकारतो आहोत, याचा हिशेब शिक्षकाने मांडला पाहिजे.

रीकास्टला जागाच नाही, असे आमचे म्हणणे नाही. उच्चाराच्या चुकीला ते चांगले लागू पडते. मूल ‘शाला’ म्हणाले आणि शिक्षक नुसते “शाळा” म्हणाले, तर एकच शब्द, एकच अक्षर वेगळे, लपायला जागा नाही. मूल लगेच ‘शाळा’ म्हणून पाहते. शिक्षकामागून सर्व वर्गाने एका सुरात म्हणायची आपली जुनी रीतही इथे कामी येते. लिस्टर आणि मोरी यांनी अमेरिकेतल्या जपानी भाषेच्या शाळांत असेच पाहिले : जिथे मागून म्हणण्याची सवय होती, तिथे मुले रीकास्ट अधिक वेळा उचलत होती. आणि काही वेळा दुरुस्तीच करू नये. रात्री ताप आला म्हणून मूल दारात उभे राहून “सर, माझा अंग दुखतो” म्हणाले, तर त्याला औषध द्यावे. ‘अंग’ नपुंसकलिंगी आहे, हे सकाळीही सांगता येते.

शेवटचा मुद्दा मराठी घरांतल्या मुलांचा, कारण त्यावाचून वरचे सारे उलटे वापरले जाण्याची भीती आहे. वऱ्हाडातले मूल म्हणते, “माह्यं पुस्तक हरवलं.” याला दुरुस्ती कसली? नाम नपुंसकलिंगी, सर्वनाम नपुंसकलिंगी, क्रियापद नपुंसकलिंगी. व्याकरण चोख आहे. तरी आम्ही कित्येक वर्गांत पाहिले आहे की, ‘माझी पुस्तक’कडे दुर्लक्ष करणारे शिक्षक ‘माह्यं’ला मात्र ताबडतोब टोकतात. पहिल्या वाक्यात मराठीची घडण मोडली आहे. दुसऱ्यात फक्त गाव ऐकू येते, आणि पुष्कळदा गावातली वस्तीही. कोणत्या चुकीला आपण चूक म्हणतो, यात शिक्षकाच्या कानावर कोणाचे संस्कार आहेत ते दिसते. प्रमाण मराठी या मुलालाही यायलाच हवी, परीक्षेला आणि अर्ज लिहायला लागते. पण ती शिकवायची ती ‘वर्गात लिहिताना माझं’ अशी जोडीची भाषा म्हणून. त्यासाठी वरच्या तीन वाटांपैकी कोणतीही वापरू नये, कारण त्या तिन्ही चुकीसाठी आहेत.

सध्या पाचवीच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला आहे. त्यावर तीन रकाने : तो, ती, ते. बिनखुणेचे शब्द मुले स्वतः आणून त्यात लिहितात, आणि ज्याचे हिंदी लिंग वेगळे, त्याखाली रेघ मारतात. ‘ते’च्या रकान्यात रेघा सर्वांत जास्त आहेत. ‘आवाज’ हा शब्द आतापर्यंत दोनदा ‘ती’मध्ये लिहिला गेला आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कोणा मुलाने खोडून ‘तो’मध्ये नेला आहे.